आकडा दिलेला नाही

रावेतला आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये ही पद्धत सुरू झाली. गंमत म्हणजे महापालिका शहरासाठी पवना नदीतून पाणी उचलते ते याच रावेतच्या बंधाऱ्यापाशी. त्यामुळे टाकी, नळ, टँकर आणि गळती हे विषय आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजचेच. त्या रविवारी मात्र माझी भाची टाकी आणि नळ घेऊन आली ते कागदावर.

ती आठवीत आहे. ताई आमच्याच सोसायटीत राहते, त्यामुळे गणित अडलं की वहीसकट पाचव्या मजल्यावरून नवव्या मजल्यावर यायचं, असा रिवाज आहे. क्लासमध्ये मिळालेल्या झेरॉक्सवर दोन शाब्दिक उदाहरणं होती आणि दोन्हींबद्दल तिची एकच तक्रार होती. "मामा, यात आकडाच दिलेला नाही. सरांना मेसेज करू?"

पहिलं उदाहरण असं: एक गाडी पुण्याहून एका गावाला ताशी ४० किलोमीटर वेगाने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटर वेगाने परत आली, तर संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? गाव किती लांब आहे ते कुठेच दिलेलं नाही. मी म्हटलं, "अंतर d धर." तिने नाराजीने धरलं. जायला d/40 तास, यायला d/60 तास, दोन्ही मिळून d/24 तास. एकूण अंतर 2d. भागाकार केला तर d वरूनही गेला, खालूनही गेला आणि उरले ४८. (ज्यांच्या मनात ५० आलं होतं त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, माझ्याही मनात दर वेळी आधी ५० च येतं.)

तिला हे आवडलं. जो आकडा मागायला ती निघाली होती, त्याची गरजच नव्हती. सरांनी "लोणावळा, ६४ किलोमीटर" असं उत्तर दिलं असतं तरी तेच ४८ आले असते, आणि तिला वाटलं असतं की ६४ मिळाले म्हणून गणित सुटलं. मला यातला तोटा मोठा वाटतो. सरासरी वेगाला अंतराशी देणंघेणं नाही, ही या गणितातली एकमेव कळण्यासारखी गोष्ट आहे, आणि ६४ घालून सोडवलं की ती दिसत नाही.

मग दुसरं उदाहरण. एक नळ टाकी ४ तासांत भरतो, दुसरा ६ तासांत. टाकीच्या तळाला गळती आहे. गळती भरलेली टाकी इतक्या तासांत रिकामी करते, आणि इथे झेरॉक्स कापली गेली होती. दोन्ही नळ एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल?

"t धरते," ती स्वतःच म्हणाली. एका तासात पहिल्या नळाने टाकीचा १/४ भाग, दुसऱ्याने १/६, गळतीने 1/t कमी. सोडवत सोडवत ती इथे पोचली: वेळ = 12t/(5t − 12) तास. मग तिने t नाहीसा व्हायची वाट पाहिली. तो झाला नाही.

"आता?"

मी इंजिनियर असल्याचा अभिमान बाळगून म्हटलं, "हेच उत्तर. t च्या रूपात."

ती माझ्याकडे जशी बघत होती, त्यावरून मला कळलं की मी काहीतरी फसवाफसवी केली आहे. "मामा, टाकी किती वाजता भरेल असं कुणी विचारलं तर तू 12t/(5t − 12) वाजता सांगणार?"

तिचं बरोबर होतं. ज्याला आकडा हवा आहे त्याच्या हातात सूत्र ठेवणं म्हणजे आपलं काम त्याच्यावर ढकलणं, आणि वर हुशार दिसणं. पण तिचा पहिला मार्ग, म्हणजे काहीही न करता "सर, t किती?" असं विचारणं, हाही मला पुरेसा वाटत नव्हता. आम्ही त्या सूत्रात आकडे घालून बघायला लागलो. t = 12 घातलं तर ३ तास. t = 20 घातलं तर पावणेतीनच्या किंचित खाली. म्हणजे गळती बारीक असेल तर t मध्ये आठ तासांची चूक झाली तरी उत्तरात पाव तासाचा फरक पडतो. t = 4 घातलं, ६ तास. t = 3 घातलं, १२ तास. इथे एका तासाच्या चुकीने उत्तर दुप्पट झालं. आणि t = 2.4 घातलं तर खाली शून्य येतं: नळ जितकं पाणी आत टाकतात तितकंच गळतीतून जातं आणि टाकी भरतच नाही. त्याखाली उत्तर ऋण येतं. तिने t = 2 घातलं, उणे १२ तास आले, आणि ती हसायला लागली. "काल दुपारी भरली!"

आता विचारायचा प्रश्न बदलला होता. आधी तो "t किती?" असा होता. आता तो असा झाला: "गळती टाकी रिकामी करायला अडीच तासांहून बराच जास्त वेळ घेते ना? मग साधारण किती?" सूत्राने उत्तर दिलं नव्हतं, पण कुठला आकडा महत्त्वाचा आहे, तो किती काटेकोर लागेल आणि कुठे संपूर्ण गणिताचा अर्थच बदलेल, हे सांगितलं होतं. तिने सरांना मेसेज टाकला आणि ती खाली गेली. मी मात्र बराच वेळ तो कागद घेऊन बसलो, कारण मला चाकणचा एक आकडा आठवत होता.

त्याआधी एक आडवळण. मी पुणे विद्यापीठातून इंजिनियरिंग केलं. आमच्या प्रश्नपत्रिकांवर वरच्या सूचनांमध्ये एक ओळ हमखास असायची: असूम सूटेबल डेटा, इफ नेसेसरी. म्हणजे गरज पडली तर योग्य ती माहिती गृहीत धरा. ज्यांनी ही परीक्षा दिली आहे त्यांना ही ओळ झोपेतही ऐकू येते. परीक्षेच्या हॉलमध्ये हात वर करून "सर, यात घर्षणाचा गुणांक दिलेला नाही" म्हटलं की पर्यवेक्षक त्या ओळीवर बोट ठेवायचे. त्या ओळीची मी पुष्कळ चेष्टा केली आहे, पण ती मुळात वाईट नाही. इंजिनियरला पुलावरून नेमके किती ट्रक जाणार हे कधीच माहीत नसतं, धरून चालावं लागतं. आणि परीक्षेत आम्ही धरलेली गोष्ट उत्तराच्या सुरुवातीला लिहायचो: "घर्षण गुणांक ०.३ गृहीत." तपासणाऱ्याला ते दिसायचं. त्याला पटलं नाही तर तो तिथेच लाल रेघ मारू शकायचा.

गृहीत धरण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत 'इष्टकर्म' नावाचा प्रकार आहे. अज्ञात संख्येच्या जागी मनाला येईल ती संख्या, म्हणजे इष्ट, घ्यायची, गणितात सांगितलेल्या सगळ्या क्रिया तिच्यावर करायच्या, आणि जे उत्तर येईल त्याची दिलेल्या उत्तराशी तुलना करून त्रैराशिकाने इष्ट दुरुस्त करायचं. चुकीच्या आकड्याने सुरुवात करायची मुभा आहे, पण शेवटी तो आकडा सुधारायचा हा त्याच नियमाचा भाग आहे.

त्यांच्या बीजगणितात याहून सुंदर उदाहरण आहे. चार माणसांकडे घोडे, उंट, खेचरं आणि बैल आहेत. पहिल्याकडे अनुक्रमे ५, २, ८, ७. दुसऱ्याकडे ३, ७, २, १. तिसऱ्याकडे ६, ४, १, २. चौथ्याकडे ८, १, ३, १. चौघांचं धन सारखं आहे, तर प्रत्येक जनावराची किंमत सांग. एकही किंमत दिलेली नाही. चार अज्ञात आणि समीकरणं तीनच. भास्कराचार्य अज्ञातांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं देतात (पहिलं सोडलं तर काळा, निळा, पिवळा असे रंगच) आणि सोडवत जातात. उत्तर येतं घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४. करून बघा: चौघांकडेही ८५३ होतात. पण ८५ काय? दाम, नाणी, की आणखी काही? ते ठरत नाही. सगळ्या किमती दुप्पट केल्या तरी चौघं सारखेच श्रीमंत राहतात.

बाराव्या शतकातल्या या गणिताकडे मी आता असं बघतो. काही न सोडवता बाजारात गेलो असतो तर चार किमती विचाराव्या लागल्या असत्या. सोडवून गेलो तर एकच पुरते, कुठलीही. बैलाची किंमत कळली की बाकीच्या तिन्ही आपोआप कळतात. बैल तर प्रत्येक बाजारात असतो, खेचराची किंमत विचारायला माणूस शोधावा लागेल. अक्षरं धरून सोडवल्यामुळे विचारणं टळलं नाही, पण ते इतकं लहान झालं की कुणालाही विचारता यावं.

चाकणला मी नेमकं हेच केलं नाही.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे तिथल्या एका कारखान्याचं काम होतं. कारखान्याचं नाव सांगत नाही. प्रेस मशीनवर काम करणाऱ्या ऑपरेटरांचं रोजचं लक्ष्य आणि त्यांनी केलेले नग यांचा हिशोब स्क्रीनवर दाखवायचा होता. आठ तासांची शिफ्ट, म्हणजे ४८० मिनिटं, त्यातून जेवणाची ३०. उरली ४५०. एका नगाला दीड मिनिट. मध्ये एका प्रकारचे नग संपले की डाय बदलून मशीन पुन्हा लावावं लागतं, त्याला तिथे 'सेटिंग' म्हणतात. शिफ्टमध्ये सेटिंग किती वेळा झालं ते मशीनकडून कळत होतं. एका सेटिंगला किती वेळ द्यायचा, हे मात्र आम्हाला मिळालेल्या कागदांत नव्हतं.

मी हे त्या दिवशी पाहिलं होतं, नजरचुकीने राहिलं असं म्हणता येणार नाही. ईमेल टाकला तर तीन दिवस जाणार, कॉलवर विचारलं तर वरिष्ठांसमोर "हे अजून तुम्हाला माहीत नाही?" असा सूर येणार, आणि शुक्रवारी डेमो. मी लिहिलं:

```python
SETUP_MIN = 20
```

वीस मला योग्य वाटले. कशावरून, हे आज सांगता येत नाही. डेमो छान झाला.

आता हिशोब बघा. शिफ्टमध्ये तीन सेटिंग झाली तर माझ्या प्रोग्रॅमप्रमाणे कामाला उरली ४५० वजा ६०, म्हणजे ३९० मिनिटं, आणि लक्ष्य २६० नग. एका जुन्या प्रेसवरच्या ऑपरेटरने २०५ केले. स्क्रीनवर आलं ७९ टक्के. तिथे ८५ टक्क्यांच्या वर इन्सेन्टिव्ह मिळायचा. त्या जुन्या प्रेसवर डाय बदलायला प्रत्यक्षात पंचेचाळीस मिनिटं लागत. ते धरलं तर कामाला उरतात ३१५ मिनिटं, लक्ष्य २१०, आणि तोच माणूस जवळजवळ ९८ टक्क्यांवर.

दोन महिन्यांनी मी वेगळ्याच कामासाठी शॉपवर गेलो होतो. एका ऑपरेटरने मला थांबवलं. तो माझ्या वडिलांच्या वयाचा असेल. आवाज न चढवता त्याने विचारलं, "साहेब, सेटिंगची वीस मिनिटं कुणी मोजली?"

मी म्हटलं, बघून सांगतो. बघण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या रात्री मी जे केलं ते डेमोच्या आधी करायला दहा मिनिटं लागली असती. सेटिंगच्या वेळेला s म्हटलं. लक्ष्य झालं (450 − 3s)/1.5. २०५ नग करणारा माणूस ८५ टक्क्यांच्या वर कधी जातो? सोडवलं तर s २९.४ पेक्षा जास्त असेल तेव्हा. म्हणजे मला सेटिंगची वेळ नेमकी माहीत असायची गरजच नव्हती. स्टॉपवॉच घेऊन कुणी उभं राहायला नको होतं, तीन दिवसांची ईमेल नको होती. गेटपाशी चहा पिणाऱ्या कुठल्याही सुपरवायझरला एवढंच विचारायचं होतं, "जुन्या प्रेसवर डाय बदलायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागतो की कमी?" त्याने कप खाली न ठेवता उत्तर दिलं असतं.

मी चूक वर कळवली. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक मशीनची वेळ वेगळी घातली गेली. मागच्या दोन महिन्यांचा हिशोब बंद झाला आहे, तो उघडता येणार नाही, असं उत्तर आलं. ते मी ऐकून घेतलं. आणखी किती आग्रह धरायला हवा होता हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

विचारायला जीव का घाबरतो, यावर आम्ही मित्र कधीकधी बोलतो. एक जण म्हणतो की शंका आली की विचारावं, त्यात एवढं काय. पण तो खरोखरच सगळं विचारतो, गाव किती लांब आहे हेसुद्धा, आणि लोक त्याचे मेसेज उघडत नाहीत. समोरच्याचा वेळही कुणाचा तरी वेळ असतो. जो d शेवटी जाणारच आहे तो मागणं ही मला एक प्रकारची बेपर्वाई वाटते. पण ती लहान बेपर्वाई आहे. वीस लिहून गप्प बसणं ही मोठी, कारण तिची किंमत मी नाही, तिसऱ्याच माणसाने मोजली, आणि त्याला ती कुठे लिहिली आहे हेही दिसत नव्हतं. परीक्षेत "गृहीत" म्हणून वर लिहायची सवय होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात "सेटिंग २० मिनिटं, गृहीत" एवढं जरी आलं असतं तरी त्या ऑपरेटरने दुसऱ्याच दिवशी लाल रेघ मारली असती.

सगळ्यात जास्त भीती मला तिसऱ्याच सवयीची वाटते. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या गणित-शिक्षण संशोधकांनी १९८० च्या सुमारास शाळकरी मुलांना एक गणित घातलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दिलं. मुलं मठ्ठ नव्हती. शाळेत आकडे दिलेले असतात ते वापरण्यासाठीच, आणि प्रश्नाला उत्तर असतंच, हे ती नीट शिकली होती. माझ्या वीसमध्ये आणि त्यांच्या छत्तीसमध्ये काय फरक आहे, याचा विचार मी करून पाहिला आहे. त्यांनी निदान समोरचे आकडे तरी वापरले होते.

आणि हेही खरं की सगळं कधीच विचारून होत नाही. भाचीच्या टाकीच्या गणितात झेरॉक्स कापली गेली नसती तरी एक गोष्ट गुपचूप धरलेली होतीच. गळती कायम एकाच वेगाने होते, असं ते गणित मानतं. खऱ्या टाकीत पाणी वर असताना तळाचा दाब जास्त असतो आणि गळती जोरात होते, पातळी उतरली की मंदावते. आमच्या सोसायटीच्या खालच्या टाकीतून रोज नेमकं किती पाणी जातं हे सेक्रेटरींनाही माहीत नाही. टँकर किती येतात ते मात्र रुपयांसकट सगळ्यांना पाठ आहे. शाळेच्या गणितात ती गळती सरळ धरली जाते, आणि ते मला मान्य आहे, कारण तिथे कुणाचा इन्सेन्टिव्ह जात नाही.

रात्री साडेनऊला भाची फोन घेऊन पुन्हा वर आली. तिने सरांना लिहिलं होतं: "सर, दुसऱ्या गणितात गळतीचे तास छापलेले नाहीत. २.४ पेक्षा जास्त आहेत ना?"

सरांचं उत्तर आलं होतं: "१२ तास. झेरॉक्स कापली गेली, सॉरी." आणि त्याखाली दुसरा मेसेज: "२.४ कुठून आलं?"

"काय लिहू?" तिने विचारलं. मी म्हटलं, तूच सांग, काढलंस तू. ती सोफ्यावर मांडी घालून टाईप करायला लागली.